जन्मवेळचे आयुर्मान आणि साठीनंतरचे उर्वरित आयुर्मान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयुर्मानाचा आकडा वर्तमानपत्रात छापून आला की म्हापसा, फोंडा, मडगाव अशा ठिकाणच्या ज्येष्ठ वाचकांकडून जवळपास तेच प्रश्न पुन्हा येतात. त्यांपैकी नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आलेला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जन्मवेळचे आयुर्मान म्हणजे नेमके काय?

एखाद्या काळात प्रत्येक वयोगटात जितक्या प्रमाणात मृत्यू झाले, तेच प्रमाण कायम राहील असे धरले, तर त्या काळात जन्मलेले बाळ सरासरी किती वर्षे जगेल, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे जन्मवेळचे आयुर्मान. भारतात हा आकडा महानिबंधक कार्यालयाच्या नमुना नोंदणी पद्धतीवरून काढला जातो. २०१६-२० या पाच वर्षांसाठी तो ७०.० वर्षे होता; त्यात पुरुषांचे आयुर्मान ६८.६ आणि स्त्रियांचे ७१.४ होते. ही सरासरी आहे, हे विसरू नये. पहिल्याच आठवड्यात दगावलेले अर्भक आणि पंच्याण्णव वर्षे जगलेली आजी या दोघांचीही आयुष्ये तिच्यात सारख्याच वजनाने मिसळलेली असतात.

२. साठाव्या वर्षीचे उर्वरित आयुर्मान म्हणजे काय, आणि ते कसे काढतात?

ज्यांनी वयाची साठ वर्षे पूर्ण केली, ते त्यानंतर सरासरी आणखी किती वर्षे जगतात, ते हा आकडा सांगतो. भारतात तो सध्या अठरा वर्षांच्या आसपास आहे. पुरुषांचा थोडा कमी आणि स्त्रियांचा थोडा जास्त.

दोन्ही आकडे एकाच जीवनसारणीतून निघतात. सारणीची सुरुवात एक लाख काल्पनिक जन्मांपासून होते. प्रत्येक वयोगटाचा मृत्युदर लावत खाली उतरत गेले की कोणत्या वयाला किती जण शिल्लक राहिले, हे कळते. शिल्लक राहिलेल्यांनी त्या वयोगटात मिळून किती वर्षे काढली, याची बेरीज सारणीच्या तळापासून वरच्या दिशेने केली जाते. साठाव्या वर्षापासून पुढची सगळी वर्षे एकत्र करून त्यांना साठीला पोहोचलेल्यांच्या संख्येने भागले की उर्वरित आयुर्मान मिळते. येथे भाजक म्हणजे साठी गाठलेल्यांची संख्या आहे, मूळचे एक लाख जन्म नव्हेत. दोन आकड्यांतील तफावतीचे मूळ या भाजकात आहे.

३. भारताचे आयुर्मान ७० आणि माझे वय ६४. म्हणजे माझी सहाच वर्षे उरली का?

नाही. ही वजाबाकी चुकीची आहे, आणि येणाऱ्या प्रश्नांत सर्वाधिक वेळा हीच चूक आढळते. सत्तर हा आकडा नुकत्याच जन्मलेल्या बाळासाठी आहे. त्या बाळापुढे बालपणीचे आजार, तरुणपणीचे अपघात, बाळंतपणातील जोखीम आणि पन्नाशीतील हृदयविकार हे सर्व धोके अजून यायचे आहेत, आणि सत्तरच्या सरासरीत त्या सगळ्यांची वजावट आधीच झालेली आहे. चौसष्टाव्या वर्षी आपण ते धोके पार केलेले असतात. जे टळले, त्याची वजावट पुन्हा करण्याचे कारण नाही.

वय वाढते तसे एकूण अपेक्षित वयही वाढते. आजच्या भारतीय सारण्यांनुसार नवजात बालकाचे अपेक्षित वय सत्तर येते, साठ वर्षांच्या माणसाचे अठ्ठ्याहत्तरच्या आसपास, आणि सत्तरीच्या माणसापुढे आणखी अकरा-बारा वर्षे असल्याने त्याचे एक्याऐंशी-ब्याऐंशी. उरलेली वर्षे कमी होत जातात, पण वय एकाने वाढले म्हणून शिल्लक पूर्ण एकाने कमी होत नाही.

४. पण एवढा फरक नेमका येतो कुठून? एखाद्या उदाहरणाने समजावून सांगाल का?

डिचोली तालुक्यातील एका वाचकांनी आपल्या आजोबांच्या भावंडांची वये लिहून पाठवली होती, तीच येथे घेऊ. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात जन्मलेली ही आठ भावंडे. पहिले बाळ नवव्या दिवशी धनुर्वाताने गेले. नाळ घरीच कापली गेली होती. दुसरे सहा महिन्यांचे असताना हगवणीने दगावले. तिसरे तीन वर्षांचे होऊन देवीच्या साथीत गेले. चौथी मुलगी चोविसाव्या वर्षी बाळंतपणात वारली. उरलेले चौघे अनुक्रमे ६१, ७४, ८२ आणि ८८ वर्षे जगले.

आठही जणांच्या आयुष्यांची बेरीज साधारण ३३२ वर्षे भरते; तिला आठाने भागले की सरासरी साडेएक्केचाळीस येते. आता फक्त साठी ओलांडलेल्या चौघांकडे पाहू. साठीनंतर ते अनुक्रमे १, १४, २२ आणि २८ वर्षे जगले. बेरीज ६५, आणि सरासरी सव्वासोळा. एकाच घरातले दोन्ही आकडे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. जन्मापासूनची सरासरी साडेएक्केचाळीस असूनही साठीला पोहोचलेला माणूस सरासरी शहात्तरपर्यंत जगला. चोविसाव्या आणि एकसष्टाव्या वर्षांच्या मधल्या काळात या घरात एकही मृत्यू नाही. म्हणजे ज्या वयावर सरासरी येऊन थांबली, त्या वयाच्या आसपास प्रत्यक्षात कोणीच गेले नाही.

तान्ह्या बाळाचा मृत्यू सरासरीला फार मोठा धक्का देतो, कारण त्यात जवळजवळ अख्खे आयुष्य वजा होते. ८२ ऐवजी ७८ व्या वर्षी झालेल्या मृत्यूने बेरीज चारच वर्षांनी घटते. जन्मवेळच्या आकड्यात या बालमृत्यूंचा सगळा भार आहे. साठीनंतरच्या आकड्यात त्याचा लवलेशही नाही.

एकाच कुटुंबावरून समाजाचे अनुमान काढता येत नाही, हे खरे. तरीही सरासरी कशी घडते, हे आठ नावांच्या यादीत जितके स्पष्ट दिसते तितके लाखाच्या सारणीत दिसत नाही. प्रत्येकाने आपल्या आजी-आजोबांच्या पिढीची अशी यादी करून पाहावी. मात्र लहानपणी गेलेली भावंडे तिच्यातून वगळू नयेत. बहुतेक घरांतल्या वंशावळींत तीच नावे गळालेली असतात.

५. म्हणजे आपल्या पूर्वजांचे आयुर्मान चाळीस होते, याचा अर्थ ते चाळिशीतच म्हातारे होत असा नाही ना?

नाही. प्रश्न ४ मधील कुटुंब पाहावे. भारतात १९५१-६१ या दशकाचे जन्मवेळचे आयुर्मान एक्केचाळीसच्या आसपास होते आणि १९११-२० या इन्फ्लुएंझाच्या दशकात ते जेमतेम वीस होते. विसाव्या वर्षी कोणी म्हातारे होत नसे; मुले आणि तरुण फार मोठ्या संख्येने मरत होते. (गोवा तेव्हा पोर्तुगीज राजवटीत असल्याने हे जुने आकडे गोव्याचे नाहीत.)

याच्या उलट टोकाचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे: 'पूर्वीची माणसे नव्वदी गाठत, आताची साठीतच ढेपाळतात.' वाड्यावरचे नव्वदीचे आजोबा लक्षात राहतात, कारण ते पुष्कळ वर्षे डोळ्यांसमोर होते. त्यांच्याबरोबर जन्मलेले आणि लवकर गेलेले बाकीचे आठवायला आज कोणी उरलेले नाही. साठीनंतरचे आयुर्मानही पूर्वी आजच्यापेक्षा कमीच होते. मात्र हा फरक जन्मवेळच्या आकड्यातील फरकापेक्षा पुष्कळ लहान आहे (प्रश्न ६).

६. पन्नास वर्षांत जन्मवेळचे आयुर्मान वीस वर्षांनी वाढले, पण साठीनंतरचे चारच वर्षांनी. असे का?

१९७०-७५ मध्ये भारताचे जन्मवेळचे आयुर्मान ४९.७ वर्षे होते. २०१६-२० मध्ये ते ७०.० झाले. त्याच काळात साठीनंतरचे उर्वरित आयुर्मान सुमारे चौदावरून अठरापर्यंत आले. बहुतेक वाढ साठीच्या आधी टळलेल्या मृत्यूंमुळे झाली. १९७१ मध्ये देशात दर हजार जन्मांमागे १२९ अर्भके पहिल्या वाढदिवसाआधी दगावत. २०२० मध्ये हे प्रमाण २८ वर आले.

सोपे आकडे घेऊन पाहू. हे केवळ हिशेबासाठी कल्पिलेले आहेत. हजार बाळांपैकी १०० बालपणी सरासरी एका वर्षाची होऊन गेली, २०० जण मधल्या वयात सरासरी पस्तिसाव्या वर्षी गेले, आणि ७०० जण साठीला पोहोचून आणखी १८ वर्षे, म्हणजे अठ्ठ्याहत्तरपर्यंत जगले. जन्मवेळचे आयुर्मान ६१.७ येते. आता बालमृत्यू १०० वरून १० वर आणू. वाचलेल्या ९० मुलांपैकी २० मधल्या वयात गेली आणि ७० साठीला पोहोचली असे धरू, म्हणजे इतरांचे जे प्रमाण आहे तेच त्यांनाही लावू. जन्मवेळचे आयुर्मान ६७.८ होते, म्हणजे सहा वर्षांची वाढ. साठीनंतरचे मात्र होते तेवढेच, अठरा.

आता उलट बाजूने पाहू. वृद्धांवरील उपचार सुधारून साठीनंतरचे आयुर्मान अठरावरून एकोणीस झाले, असे समजा. आपल्या हजार बाळांत साठीला पोहोचणारे आता ७७० आहेत, त्यामुळे जन्मवेळच्या आकड्यात पाऊण वर्षाची भर पडते. बालमृत्यू रोखण्यासाठी लस, स्वच्छ पाणी, क्षारसंजीवनी आणि सुरक्षित प्रसूती ही तुलनेने स्वस्त साधने पुरली. साठीनंतरचे एक वर्ष वाढवायचे तर हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि कर्करोग या सगळ्या आघाड्यांवर लढावे लागते, आणि एकातून वाचलेल्या वृद्धासमोर दुसरा धोका उभाच असतो.

७. १९७०-७५ मध्ये आयुर्मान साठपेक्षा कमी होते. मग साठीच्या माणसाचे उर्वरित आयुर्मान उणे यायला हवे ना?

हा प्रश्न प्रश्न ३ मधील वजाबाकीचेच दुसरे रूप आहे, आणि ती वजाबाकी का चालत नाही हे या प्रश्नात सर्वांत ठळकपणे दिसते. उर्वरित आयुर्मान कधीच उणे होत नाही, कारण ते जिवंत असलेल्यांचेच मोजले जाते. नव्वदाव्या वर्षीही ते शून्य नसते.

८. हे सगळे देशाचे झाले. गोव्याचे स्वतःचे आकडे काय आहेत?

नमुना नोंदणी पद्धतीच्या जीवनसारण्या देशासाठी आणि मोठ्या राज्यांसाठी प्रसिद्ध होतात. त्या यादीत गोवा नाही. याचे कारण संख्याशास्त्रीय आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, आणि नमुन्यात येणारे कुटुंबांचे प्रमाण त्याहून कितीतरी लहान असते. एवढ्या नमुन्यात पाच-पाच वर्षांच्या प्रत्येक वयोगटात मोजके मृत्यू सापडतात. दोन-चार मृत्यू इकडचे तिकडे झाले तरी आयुर्मान वर्षभराने हलू शकते. म्हणून 'गोव्याचे आयुर्मान इतके' असा दशांशासह आकडा कुठे दिसला, तर तो नोंदींवरून काढला की एखाद्या गणिती प्रारूपावरून, हे आधी पाहावे.

बालमृत्यूचा दर मात्र गोव्यासाठी प्रसिद्ध होतो, आणि तो देशातील सर्वांत कमी दरांपैकी एक आहे: २०२० मध्ये दर हजार जन्मांमागे ५. त्यावरून एवढे निश्चित म्हणता येते की गोव्याचे जन्मवेळचे आयुर्मान देशाच्या सरासरीहून वर असणार. साठीनंतरचे किती वर, हे या दरावरून मुळीच सांगता येत नाही.

काही जण कच्च्या मृत्युदरावरून, म्हणजे दर हजार लोकसंख्येमागील एकूण मृत्यूंवरून तुलना करतात. तीही टाळावी. २०११ मध्ये गोव्यात साठीवरील लोक ११.२ टक्के होते, देशात ८.६ टक्के. वृद्ध जास्त म्हणजे मृत्यूही जास्त. त्याचा आयुष्य लांबले की आखडले याच्याशी संबंध नाही.

९. गोव्यात बालमृत्यू इतके कमी झाले आहेत, तर यापुढे आयुर्मान वाढणार कसे?

माझ्या मते गोव्यातील वाचकांनी सर्वाधिक लक्ष द्यावे असा हा प्रश्न आहे. हजारात पाच हा दर उद्या शून्य झाला, तरी प्रत्येक वाचलेले बाळ पंचाहत्तर वर्षे जगेल असे धरून जन्मवेळच्या आयुर्मानात साधारण ०.४ वर्षांची, म्हणजे साडेचार महिन्यांची भर पडेल. ज्या वाटेने देशाने वीस वर्षे मिळवली, ती वाट गोव्यापुरती जवळपास संपली आहे.

म्हणजे यापुढची वाढ चाळिशीनंतरच्या, आणि मुख्यतः साठीनंतरच्या वयातून यावी लागेल. तेथे चित्र तितके आश्वासक नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, प्रौढांमध्ये २६.४ टक्के. मधुमेहाने माणूस लगेच दगावत नाही, पण हृदयविकार, पक्षाघात आणि मूत्रपिंड निकामी होणे या तिन्ही वाटा तो रुंद करतो, आणि हे मृत्यू नेमके पन्नास ते पंचाहत्तर या वयात पडतात. जन्मवेळचे आयुर्मान आणि साठीनंतरचे आयुर्मान इतकी वर्षे स्वतंत्रपणे चालत आले. गोव्यात यापुढे दुसरे अडले तर पहिलेही अडेल.

१०. स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त जगतात, हे दोन्ही आकड्यांत सारखेच दिसते का?

आज दोन्हींत दिसते. पूर्वी दिसत नसे. १९७०-७५ मध्ये भारतात पुरुषांचे जन्मवेळचे आयुर्मान ५०.५ आणि स्त्रियांचे ४९.० होते. त्याच सारण्यांत साठीनंतर मात्र स्त्रिया पुरुषांपेक्षा सुमारे वर्षभर जास्त जगत होत्या. एकाच काळात, एकाच देशात, एका वयाला पुरुष पुढे आणि दुसऱ्या वयाला स्त्रिया.

मुलींच्या आजारपणाकडे होणारे दुर्लक्ष, वारंवारची बाळंतपणे आणि त्यांतील मृत्यू यांनी स्त्रियांचे साठीआधीचे आयुष्य आखडले होते. जी स्त्री त्यातून पार पडली, ती त्यानंतर पुरुषाहून अधिक जगत होती. केवळ जन्मवेळचा आकडा पाहणाऱ्याला स्त्रिया जात्याच अल्पायुषी असाव्यात असे वाटले असते. साठीचा आकडा शेजारी ठेवला की दोष शरीराचा नसून परिस्थितीचा होता, हे उघड होते.

११. माझा जन्म १९६० चा. तेव्हाचे आयुर्मान एक्केचाळीसच होते. मग मी सरासरीहून वीस वर्षे जास्त जगलो असे म्हणायचे का?

तसे म्हणता येणार नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले प्रश्न ३ मध्ये आलेच आहे. दुसरे कारण असे की १९६० चा आकडा १९६० च्या मृत्युदरांवर आधारलेला होता, आणि ते दर तसेच राहिले नाहीत. आपण दहा वर्षांचे झालात तेव्हा दहा वर्षांच्या मुलांचा मृत्युदर घटलेला होता, चाळिशीत आलात तेव्हा चाळिशीतल्यांचा. प्रसिद्ध होणारे आयुर्मान हे एका काळाचे छायाचित्र असते. आपण जगता ते अनेक काळांतून. म्हणून मृत्युदर घटत असताना प्रत्यक्ष पिढी आपल्या जन्माच्या वेळच्या आकड्याहून अधिक जगते. आजच्या साठीच्या माणसासाठी आजचाच साठीनंतरचा आकडा पाहावा, आणि तोही किंचित कमी धरलेला असण्याची शक्यता ध्यानात घ्यावी.

१२. कोविडच्या वर्षांत आयुर्मान घटले. त्या काळात साठीला आलेल्यांचे आयुष्य कायमचे कमी झाले का?

नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अंदाजांत २०२१ साठी भारताचे जन्मवेळचे आयुर्मान ६७.२ वर आले होते. त्याचा अर्थ एवढाच, की २०२१ चे मृत्युदर कोणाला आयुष्यभर लागू राहिले असते तर सरासरी तेवढी आली असती. तसे ते राहिले नाहीत. बालमृत्यूंनी जन्मवेळचा आकडा खाली येतो, तसे येथे झाले नव्हते. या साथीत मृत्यू मुख्यतः मोठ्या वयात झाले, त्यामुळे साठीनंतरच्या आकड्यालाही थेट मार बसला.

१३. निवृत्तीच्या नियोजनासाठी साठीनंतर अठरा वर्षे धरावीत का?

तेवढीच धरू नयेत. अठरा ही सरासरी आहे. साठीला पोहोचलेल्यांपैकी ढोबळमानाने निम्मे त्याहून अधिक जगतात. पती-पत्नी दोघेही साठीचे असतील आणि प्रत्येकाला अठ्ठ्याहत्तरी गाठण्याची शक्यता निम्मी असेल, तर दोघांपैकी एक तरी ती गाठण्याची शक्यता चारात तीन इतकी होते. घरखर्च शेवटच्या व्यक्तीपर्यंत चालतो, म्हणून हिशेब तिच्या वयापर्यंत करावा लागतो.

सरकारी सेवेतून साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांसाठी याचे एक परिचित माप आहे. निवृत्तिवेतनाचा जो भाग विकून एकरकमी घेतला जातो, तो पंधरा वर्षांनी, म्हणजे पंचाहत्तराव्या वर्षी, पूर्ववत सुरू होतो. जन्मवेळच्या सत्तरचा धसका घेतलेल्याला ही तारीख आपण पाहणारच नाही असे वाटते. साठीनंतरच्या आकड्यानुसार ती सरासरी आयुष्याच्या आतच येते. खासगी वर्षासने देणाऱ्या विमा कंपन्या तर सर्वसाधारण सारणी वापरतच नाहीत. वर्षासन घेणारे लोक सामान्यतः सधन आणि निरोगी असतात व अधिक जगतात, म्हणून इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाने वर्षासनधारकांसाठी वेगळी सारणी केली आहे.

१४. ही अठरा वर्षे निरोगी असतील का?

या आकड्यावरून ते कळत नाही. येथे फक्त जिवंत राहणे मोजलेले असते. अंथरुणाला खिळून काढलेले वर्ष आणि मांडवीच्या काठाने रोज फिरत काढलेले वर्ष सारखेच धरले जाते. निरोगी आयुर्मान हे वेगळे माप आहे, आणि ते नेहमी याहून कमी येते.

१५. जन्मवेळचे आयुर्मान वाढत असताना साठीनंतरचे घटू शकते का?

शकते. एक कारण सरळ आहे: बालमृत्यू घटत असतानाच मध्यम व वृद्ध वयातील मृत्यू तंबाखू, दारू वा मधुमेहामुळे वाढले, तर दोन आकडे उलट दिशांना जातात. सोव्हिएत काळाच्या उत्तरार्धात पूर्व युरोपातील पुरुषांच्या बाबतीत असे दिसले होते.

दुसरे कारण थोडे चकवणारे आहे. ज्यांचे हृदय आधीच दुर्बल आहे असे लोक पूर्वी पन्नाशीत जात. आता उपचारांमुळे ते साठी ओलांडतात. साठीला पोहोचणाऱ्यांत अशा प्रकृतीच्या लोकांचा वाटा वाढला की त्या गटाची सरासरी किंचित खाली येऊ शकते, जरी प्रत्येक व्यक्तीचे आयुष्य पूर्वीपेक्षा लांबलेलेच असले तरी. म्हणून साठीचा आकडा स्थिर दिसला की उपचार निरुपयोगी ठरले, असा निष्कर्ष घाईने काढू नये. साठीला किती टक्के लोक पोहोचले, हेही सोबत पाहावे.

१६. आमच्या गावच्या मृत्यू नोंदींवरून आम्हीच साठीनंतरचे आयुर्मान काढले तर?

सर्वप्रथम, मृतांच्या वयांची सरासरी म्हणजे आयुर्मान नव्हे. ज्या गावातील तरुण आखातात वा इंग्लंडला गेले आहेत तेथे मरणारे बहुतेक वृद्धच असणार, त्यामुळे सरासरी वय मोठे येईल; याचा अर्थ गाव दीर्घायुषी आहे असा नव्हे. आयुर्मानासाठी मृत्यूंसोबत त्या वयाच्या जिवंत लोकांची संख्याही लागते.

दुसरी अडचण ठिकाणाची. मृत्यूची नोंद जेथे मृत्यू झाला तेथे होते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात सिंधुदुर्ग आणि कारवारकडचेही रुग्ण येतात. तेथील मृत्यू गोव्याच्या लोकसंख्येने भागले तर गोव्याचा मृत्युदर फुगतो. तुमच्या गावातील जो माणूस बांबोळीला गेला, तो गावच्या नोंदवहीत सापडणारच नाही. नोंदीतील कायमच्या पत्त्याचा रकाना पाहून मृत्यू निवासाच्या गावाकडे वळवल्याशिवाय हिशेब करू नये.

तिसरी अडचण वयाची, आणि वृद्धांच्या बाबतीत तीच सर्वांत घातक ठरते. नातेवाईक 'ऐंशीचे असतील' असे अंदाजाने सांगतात. त्यात पाच-सात वर्षांची भर पडलेली असली, तर सत्तरीतील मृत्यू ऐंशीत गेल्यासारखे दिसतात आणि साठीनंतरचे आयुर्मान खोटेच वाढते. हे ओळखण्याचा सोपा उपाय आहे: मृत्यूची वये एकेका वर्षाने मांडावीत. ७०, ७५, ८०, ८५ या आकड्यांवर ढीग आणि ७१, ७९, ८१ वर खड्डे दिसले, तर वये अंदाजाने लिहिलेली आहेत. गोव्यात अनेक वृद्धांची जन्मनोंद पोर्तुगीज काळातील नागरी नोंदवहीत मिळते; शक्य असेल तेथे वय तिच्याशी ताडून घ्यावे. एका गावाच्या एका वर्षाच्या मृत्यूंवर हे गणित टिकत नाही. किमान एखादा तालुका आणि सलग पाच वर्षे घेतली, तरच आकडा थोडाफार स्थिर राहतो.